विषयपत्रिकेवर न आलेला विषय

रस्ता रुंदीकरणाची जनसुनावणी होती. मी सहज म्हणून गेले आणि शेवटच्या रांगेत बसले. पंख्याच्या घरघरीत बोलणाऱ्याचं निम्मं ऐकू येत नव्हतं, तरी लोक तावातावानं बोलत होते आणि समोरचा अधिकारी खाली मान घालून टिपून घेत होता. अखेरीस त्यानं दोन मागण्या जागच्या जागी मान्य केल्या. झाडांची एक रांग वाचली आणि पदपथाची रुंदी वाढली. थोड्या टाळ्याही वाजल्या. माझ्या शेजारचे गृहस्थ कागदांची प्लास्टिकची पिशवी घडी करत म्हणाले, “ठरलेलं असतं हो सगळं. आपण नुसतं हजेरीला.” मी म्हटलं, “अहो, पण दोन मागण्या मान्य झाल्या की आत्ता.” त्यावर ते शांतपणे म्हणाले, “मान्य करता याव्यात म्हणूनच ठेवल्या होत्या त्या.” आणि गेले.

चिडचिड झाली ती त्यांच्या कडवटपणामुळे नव्हे. त्यांचं म्हणणं खोडायला जागाच नव्हती, याची ती चिडचिड होती. मागण्या फेटाळल्या असत्या तर ‘बघा, ठरलेलंच होतं’, आणि मान्य झाल्या तरी ‘बघा, ठरलेलंच होतं’. जे म्हणणं कुठल्याच घटनेनं खोटं ठरू शकत नाही, त्याचं करायचं काय? आणि तरीही त्यांना वेड्यात काढावं असं काही मला वाटेना. त्या सभागृहात काहीतरी होतं खरं, ज्याला ते बोट लावत होते आणि मला ते दिसत नव्हतं.

राज्यशास्त्रात हे भांडण जुनं आहे. एका बाजूला अभिजनवादी. त्यांच्या मते मतपेटी कोणाचीही असो, मोठे निर्णय मूठभर माणसं घेतात, आणि ही माणसं एकमेकांना ओळखतात, एकमेकांच्या घरी जातात. दुसऱ्या बाजूला बहुलवादी. ते म्हणतात, सत्ता अशी एका मुठीत नसते, ती विखुरलेली असते. शाळेच्या प्रश्नात एका गटाचं चालतं, घरांच्या प्रश्नात दुसऱ्याचं, आणि कोणीच सगळीकडे जिंकत नाही. पाठ्यपुस्तकात हे दोन ‘सिद्धांत’ म्हणून दोन रकान्यांत मांडतात आणि विद्यार्थी फरकाचे मुद्दे पाठ करतात. मीही केले होते. पण या भांडणाची खरी मजा रकान्यांत नाही. ती दोन-तीन शहरांत आहे, जिथे माणसं वही-पेन्सिल घेऊन हिंडली आणि ‘इथे नक्की कोणाचं चालतं’ हे शोधून काढायच्या मागे लागली.

पहिलं शहर अटलांटा. फ्लॉइड हंटर नावाचा माणूस तिथे समाजकार्यातल्या संस्थांचं काम करत असे. पुढे त्यानं त्याच शहराचा अभ्यास केला आणि 1953 साली पुस्तक काढलं. त्यात शहराचं नाव बदललं आणि माणसांचीही नावं बदलली. त्याची पद्धत ऐकायला अगदी सरळ आहे. शहरातल्या वजनदार म्हणवल्या जाणाऱ्या लोकांच्या याद्या मिळवायच्या. उद्योगधंद्यातले कोण, सरकारातले कोण, नागरी संस्थांमधले कोण, उच्चभ्रू वर्तुळातले कोण. अशी पावणेदोनशेच्या वर नावं जमली. मग शहराची चांगली माहिती असलेल्या 14 पंचांपुढे ती नावं ठेवली आणि यातले खरे वजनदार निवडा म्हणून सांगितलं. गाळून गाळून 40 उरले. त्यांतले बहुतेक उद्योजक, बँकवाले, मोठे वकील. हंटर त्यांना भेटला, कोण कोणाला ओळखतो, कोण कोणाबरोबर समित्यांवर असतो, हे विचारलं आणि जाळं काढलं. निष्कर्ष असा की शहराची धोरणं वरच्या थोड्या लोकांत, बहुतेकदा क्लबांत आणि घरगुती बैठकांत ठरतात, आणि निवडून आलेली मंडळी ती अमलात आणतात.

शेजारच्या गृहस्थांनी हे वाचलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. मला मात्र पहिल्यापासून एक खटकतं. ‘वजनदार कोण?’ असं चौदा जणांना विचारलं की जे हाती येतं ते वजन नव्हे, वजनाची ख्याती. दोन्ही पुष्कळदा एकत्र असतात, हे मान्य. पण एखाद्याचं नाव मोठं असतं आणि त्याचा फोन कोणी उचलत नाही, असंही आपण पाहतोच. शिवाय प्रश्नातच उत्तर दडलेलं आहे. ‘इथे वजनदार माणसं आहेत’ हे आधी गृहीत धरून मग यादी मागायची, तर यादी येणारच.

येल विद्यापीठातले रॉबर्ट डाल यांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. 1958 साली त्यांनी एक छोटा निबंध लिहिला. तो मला त्यांच्या जाड पुस्तकांपेक्षा जास्त आवडतो. त्यात ते म्हणतात, राज्य करणारा एक अभिजनवर्ग आहे असं ज्याला म्हणायचं असेल त्यानं खुशाल म्हणावं, पण तीन गोष्टी दाखवाव्यात. एक, तो गट नक्की कोणता ते आधी सांगावं, म्हणजे नंतर सोयीनं माणसं आत-बाहेर करता येणार नाहीत. दोन, असे महत्त्वाचे निर्णय शोधावेत जिथे या गटाची इच्छा एक होती आणि दुसऱ्या कोणाची तरी वेगळी होती. सगळ्यांचं एकमत असेल तिथे कोण जिंकलं हे कळणार कसं? आणि तीन, अशा झगड्यांत हा गट पुन्हापुन्हा जिंकतो हे दाखवावं. बस. याशिवाय ते आणखी एक बोचरी गोष्ट सांगतात. दिसणारे नेते सत्ताधारी नाहीत असं सिद्ध झालं की अभिजनवादी म्हणतो, त्यांच्यामागे दुसरे आहेत. तेही नाहीत असं दिसलं की म्हणतो, त्यांच्याही मागे कोणी आहेत. असा पडद्यामागचा पडदा काढत गेलं तर अंत नाही, आणि ज्याला अंत नाही ते शास्त्र नव्हे.

‘मान्य करता याव्यात म्हणूनच ठेवल्या होत्या त्या.’

डाल नुसतं बोलून थांबले नाहीत. आपण राहतो त्याच गावात, न्यू हेवनमध्ये, त्यांनी ही कसोटी लावली आणि 1961 साली निष्कर्ष छापले. त्यांनी ख्याती विचारली नाही, निर्णय निवडले. तीन क्षेत्रं घेतली. शहराचा पुनर्विकास, सार्वजनिक शाळा आणि पक्षांच्या उमेदवाऱ्या. प्रत्येक क्षेत्रातले मोठे निर्णय काढले आणि प्रत्येकासाठी एकच गोष्ट चिकाटीनं धुंडाळली. प्रस्ताव मुळात कोणी मांडला, विरोध कोणी केला, कोणाच्या विरोधामुळे तो बारगळला. त्यांचा विद्यार्थी रेमंड वुल्फिंगर तर काही काळ महापौराच्या कचेरीत बसून रोजचा कारभार न्याहाळत होता. म्हणजे अटलांटात विचारपूस होती, इथे पाळत होती.

न्यू हेवनच्या गोष्टीचा नायक रिचर्ड ली. हा माणूस 1949 ला महापौरपदासाठी उभा राहिला आणि पडला. 1951 ला पुन्हा उभा राहिला आणि दोन मतांनी पडला. दोन मतांनी! त्या प्रचारात तो ओक स्ट्रीट नावाच्या वस्तीत घरोघर गेला होता. तिथल्या एका घरातून बाहेर आल्यावर तिथल्या अवस्थेनं त्याला इतकं मळमळलं की रस्त्याच्या कडेला बसावं लागलं, असं त्यानंच पुढे सांगितलंय. 1953 ला तो निवडून आला, आणि शहराचा कायापालट हा त्याचा ध्यास झाला. झोपडपट्ट्या पाडून नवं बांधकाम करण्यासाठी 1949 च्या कायद्यानुसार केंद्र सरकार शहरांना पैसा देत होतं. लीनं एडवर्ड लोग नावाचा झपाटलेला वकील हाताशी घेतला आणि तो पैसा असा ओढून आणला की दरडोई हिशेबात न्यू हेवन देशात पुढे गेलं.

लीनं एक मोठी नागरिक समिती नेमली. बँकांचे अध्यक्ष, कारखानदार, येलचा कुलगुरू, कामगार पुढारी, सगळे तिच्यावर. शहरातलं सगळ्यात दणकट स्नायूबळ आपण या समितीवर बसवलं आहे, असं तो अभिमानानं म्हणे. हंटरचा चश्मा लावला तर दिसतं की हीच ती मंडळी, हेच खरे राज्यकर्ते. पण डाल यांनी समितीच्या कामाची वर्षं चाळली तेव्हा त्यांना आढळलं की या समितीनं स्वतःहून एकही प्रस्ताव मांडला नव्हता, आणि महापौरानं आणलेला एकही फेटाळला नव्हता की मुळातून बदलला नव्हता. ती समिती ढाल होती. एखाद्या नगरसेवकाला योजना पटली नाही तरी शहरातल्या एवढ्या मातब्बरांनी मान डोलावली आहे म्हटल्यावर तो काय बोलणार? आणि तिन्ही क्षेत्रांत मिळून पाहिलं तर एकाहून जास्त क्षेत्रांत ज्याचं चालतं असा माणूस महापौर सोडला तर जवळजवळ सापडेना. पुनर्विकासातले दिग्गज शाळेच्या प्रश्नात कुठेच नव्हते. शहरातल्या उच्चभ्रू घराण्यांना तर उमेदवाऱ्यांत रसच नव्हता, त्यांची मुलं खाजगी शाळांत जात आणि घरं उपनगरात होती.

याच पुस्तकात एक छोटी गोष्ट आहे, पत्र्याच्या घरांची. 1953 च्या सुमाराला कामकरी, बहुतांशी इटालियन वंशाच्या लोकांच्या एका वस्तीत एका माणसानं रिकामी जमीन घेतली आणि तयार धातूची घरं आणून भाड्यानं द्यायचा बेत केला. लोक बिथरले. ज्यांनी एरवी मतदानापलीकडे राजकारणाकडे पाहिलं नव्हतं अशांनी संघटना काढली, नगरसेवकांना गाठलं, सभा घेतल्या, आणि शेवटी बेत हाणून पाडला. मग काम झाल्यावर आपापल्या घरी परत गेले. डाल यांचं म्हणणं असं की सामान्य माणसाजवळ न वापरलेली बरीच ताकद शिल्लक असते. तो ती वापरत नाही कारण त्याला दुसरे उद्योग असतात. पण दुखरी नस दाबली की वापरतो, आणि हे राजकारण्याला ठाऊक असतं. म्हणून तो आधीच जपून पाऊल टाकतो. माणूस घरी बसलेला असतानाही त्याचं थोडंसं राज्य चालू असतं, ते असं.

मला हे चित्र पटतं. निदान पुष्कळसं पटतं. त्या सुनावणीतली झाडं वाचली ती कोणाच्या कटानं नव्हे, चार बायका आणि एक निवृत्त शिक्षक सलग महिनाभर अर्ज घेऊन फिरत होते म्हणून, एवढं मी स्वतः पाहिलं होतं.

पण त्याच सुनावणीत एक गोष्ट घडली नाही, आणि ती घडली नाही हे ध्यानात यायला मला बराच वेळ लागला. रस्ता रुंद करायचाच का, हे कोणी विचारलंच नाही. तो प्रश्न कागदावर नव्हता. कागदावर होतं ‘प्रस्तावित रुंदीकरणाबाबत सूचना व हरकती’. झाडं किती, पदपथ केवढा, नुकसानभरपाई कधी, यावर आम्ही दीड तास लोकशाही गाजवली, आणि ती खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण ज्याच्या पोटात हे सगळे प्रश्न होते तो प्रश्न खोलीबाहेरच राहिला. कोणी दाबला म्हणून नव्हे. कोणाच्या मनातच आला नाही म्हणून, किंवा आला असेल तर ‘आता काय विचारायचं’ म्हणून.

एका संस्थेच्या कार्यकारिणीवर मी काही वर्षं होते. तिथे बैठकीत मतदानानं ठरलेलं असं फारच थोडं आठवतं. विषयपत्रिका सचिव काढायचे. एका देणगीदाराबद्दल आमच्यातल्या दोघा-तिघांना शंका होती. प्रत्येक बैठकीआधी आम्ही जिन्यात कुजबुजायचो, की आज विषय काढायचाच. आत गेल्यावर सचिव इतिवृत्त वाचायचे, ‘आयत्या वेळचे विषय’ येईपर्यंत सगळे घड्याळाकडे पाहायला लागायचे, आणि आम्ही गप्प. त्या देणगीदारानं आम्हाला कधी काही म्हटलं नव्हतं. तो बैठकीला यायचाही नाही. डाल यांची वही घेऊन कोणी त्या खोलीत बसलं असतं तर त्यानं काय टिपलं असतं? देणगीदारानं मांडलेले प्रस्ताव शून्य, फेटाळलेले शून्य, प्रभाव शून्य.

पीटर बॅकरॅक आणि मॉर्टन बॅरट्झ या दोन अभ्यासकांनी 1962 साली हेच म्हटलं, आणि गंमत म्हणजे त्यांचं उदाहरणही असंच होतं. एक नाराज प्राध्यापक, जो घरी बसून ठरवतो की उद्याच्या सभेत तोंड उघडायचंच, आणि सभेत मुकाट बसतो. त्यांचा मुद्दा असा की सत्तेला दोन तोंडं असतात. एक निर्णय घडवताना दिसतं. दुसरं विषय निर्णयापर्यंत येऊच देत नाही. डाल यांनी पहिलंच पाहिलं. ज्या प्रश्नांवर भांडण झालं तेच मोजले, आणि भांडण होऊ न देणं हीच सर्वात मोठी सत्ता असेल तर ती मोजणीतून आपोआप निसटते.

ठीक. पण मग डाल यांचा जुना प्रश्न दारात उभा राहतोच. जे घडलं नाही ते तुम्ही पाहणार कसं? न घडलेल्या गोष्टी अनंत आहेत. माझ्या कार्यकारिणीत देणगीदाराचा विषय निघाला नाही तसा चंद्रावर जाण्याचाही निघाला नाही. पहिल्यात सत्ता होती आणि दुसऱ्यात नव्हती, हे कशावरून?

याचं मला सापडलेलं सगळ्यात प्रामाणिक उत्तर धुराचं आहे.

मिशिगन सरोवराच्या काठी, इंडियाना राज्यात, गॅरी आणि ईस्ट शिकागो ही दोन शहरं एकमेकांना लागून आहेत. दोन्ही पोलादाची. दोन्हीकडे भट्ट्या, दोन्हीकडे वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी धरेल अशी हवा. मॅथ्यू क्रेन्सन यांनी या शहरांचा अभ्यास करून 1971 साली पुस्तक काढलं. त्यांचा प्रश्न एवढाच होता की ईस्ट शिकागोनं हवेच्या प्रदूषणाविरुद्ध 1949 मध्येच नियम केला, मग शेजारच्या गॅरीला 1962 का उजाडावं लागलं? हवा तीच, वारा तोच, लोकवस्ती त्याच प्रकारची. तेरा वर्षांचा फरक कुठून आला?

फरक एवढाच दिसत होता की ईस्ट शिकागोत पोलादाच्या कंपन्या अनेक होत्या आणि गॅरीत एकच, यू. एस. स्टील. गॅरी तर तिनंच 1906 मध्ये वसवलेलं गाव. नावसुद्धा तिच्या अध्यक्षाचं, एल्बर्ट गॅरी यांचं. आता आपल्याला वाटेल की कंपनीनं नगरसेवकांना दम भरला असेल, पैसे चारले असतील. क्रेन्सन यांना तसं काही सापडलं नाही, आणि हीच या अभ्यासातली थरारक गोष्ट आहे. कंपनीनं बरीच वर्षं काहीच केलं नाही. प्रदूषणाविरुद्ध खटपट करणाऱ्या एका कार्यकर्त्यानं सांगितलं की कंपनीचे अधिकारी मान हलवायचे, हो हो हवा फारच वाईट आहे म्हणायचे, डोक्यावर थोपटायचे, आणि पुढे काही नाही. विरोध केला असता तर निदान भांडण तरी झालं असतं. भांडण झालं असतं तर काही निघालं असतं. पुढे नियम करायची वेळ आली तेव्हाही मसुदा करणारे कंपनीला काय चालेल याचा अंदाज घेतच लिहीत होते. कंपनीला त्यासाठी कोणाला फोन करावा लागला नाही.

मोजपट्टी इथे कशी लावली ते पाहण्यासारखं आहे. क्रेन्सन ‘गॅरीत काहीतरी दडपलं गेलं’ असं नुसतं म्हणत नाहीत. शेजारचं शहर उभं करून ते सांगतात की असाच धूर असलेल्या गावात विषय निघाला, म्हणजे तो निघण्याजोगा होता. चंद्रावर जाण्याचा विषय कुठल्याच कार्यकारिणीत निघत नाही. देणगीदाराचा दुसऱ्या एखाद्या संस्थेत निघाला असेल, तर आमच्या गप्प बसण्याला कारण शोधावं लागेल. ‘ठरलेलं असतं’ या वाक्याला अशी तपासणीची पायरी लागली की ते कुरकुरीतून बाहेर येतं.

तरी हा पुरावा मी मान्य केला तो थोडा हात राखूनच. नेल्सन पॉल्सबी हे डाल यांचेच शिष्य. त्यांनी विचारलं की गॅरीच्या कामगाराला स्वच्छ हवेपेक्षा पक्की नोकरी जास्त हवी असेल आणि म्हणून तो गप्प असेल, तर त्यात जुलूम कुठला? ही त्याची निवड झाली. ईस्ट शिकागोतही नोकऱ्या पोलादातच होत्या, हे यावरचं उत्तर बरं आहे, पण पुरतं नाही. अनेक कंपन्या असलेल्या गावात एक रुसून गेली तरी बाकीच्या राहतात, एकाच कंपनीच्या गावात ती गेली तर गावच जातं. म्हणजे गॅरीच्या कामगाराची भीती जास्त रास्त होती. शिवाय दोनच शहरं समोर ठेवली की एखाद्या खटपट्या अधिकाऱ्यामुळे पडलेला फरक आपण कंपनीच्या नावावर मांडून बसू शकतो. क्रेन्सन यांनी म्हणूनच पुढे पन्नासएक शहरांची माहिती घेतली, पण तिथे कोणत्या उद्योगाचं वजन किती हे ठरवायला त्यांना पुन्हा स्थानिक पुढाऱ्यांच्या मतावरच विसंबावं लागलं. म्हणजे फिरून हंटरच्या ख्यातीपाशी! यावर मी बराच वेळ हसत होते. पण हेही खरं की ज्या सत्तेला काही करावंच लागत नाही, तिच्या बाबतीत ख्याती ही निव्वळ सावली नसते. गॅरीत काम करत होती ती ख्यातीच.

या धुरातून परत न्यू हेवनला आलं की ती गोष्ट वेगळी दिसायला लागते. जी. विल्यम डॉमहॉफ हे अभिजनवादी. त्यांना डाल यांनी आपल्या मुलाखतींच्या नोंदी वापरू दिल्या. विरोधकाला आपली वही देणारा अभ्यासक फारसा भेटत नाही, त्याबद्दल डाल यांना सलाम. डॉमहॉफ यांनी त्या नोंदी आणि जुनी कागदपत्रं मिळून 1978 मध्ये उलटी गोष्ट सांगितली. त्यांचा झोत महापौराच्या मागच्या काळावर होता. रस्ते कापून मध्यवर्ती भाग नव्यानं मांडायचा आराखडा नगररचनाकार मॉरिस रोटिव्हल यांनी चाळीसच्या दशकाच्या सुरुवातीलाच काढला होता. व्यापारी मंडळाला तसा पुनर्विकास ली निवडून येण्याआधीपासून हवा होता. ज्या कायद्याखाली पैसा आला त्याच्या घडणीतही देशभरच्या शहरांतल्या जमीन आणि बांधकामातल्या हितसंबंधांचा हात होता. येलला वाढायला जागा हवी होती आणि पुनर्विकासाच्या व्यवहारात ती मिळाली. मग लीनं ‘पुढाकार’ घेतला म्हणजे काय केलं? ज्या बाजूला दार आधीच उघडलेलं होतं त्या बाजूला तो जोरात धावला. समितीनं त्याचे प्रस्ताव फेटाळले नाहीत, कारण समितीला फेटाळावंसं वाटेल असं तो आणतच नव्हता. समितीचं मौन हा डाल यांच्या वहीत दुबळेपणाचा पुरावा होता, तेच मौन डॉमहॉफ यांच्याकडे समाधानाचा पुरावा झालं.

दोघांची गोष्ट मी पाठोपाठ वाचली तेव्हा एक वाटलं, ते लिहिते. लीला बाहुलं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. दोन मतांनी पडलेला माणूस पुन्हा उभा राहतो, वॉशिंग्टनच्या खेपा घालतो, कारखानदार आणि कामगार पुढारी एका टेबलाशी आणतो, हे काम दुसऱ्या कोणी केलं असतं असं नाही. त्याच काळात तसाच व्यापारी वर्ग असलेल्या कित्येक शहरांत यातलं काही झालं नाही. इथे डाल बरोबर आहेत. पण तो कुठल्या दिशेनं धावू शकत होता आणि कुठल्या दिशेला त्याला एक पाऊलही टाकता आलं नसतं, हे विचारलं की मी डॉमहॉफ यांच्या बाजूला सरकते. केंद्राचा पैसा पाडण्यासाठी होता. आहेत त्याच घरांत नळ आणि संडास नीट करून द्यावेत असा कार्यक्रम त्याच तोलाचा असता तर? तो कोणी मांडून हरला असं नव्हे. तो स्पर्धेतच नव्हता.

आणि ओक स्ट्रीट? महापौराला जिथे मळमळलं होतं ती वस्ती 1957 पासून पाडली गेली. ज्यू, इटालियन आणि कृष्णवर्णीय कुटुंबांची ती मिसळ वस्ती होती. सुमारे नऊशे कुटुंबं आणि शेकडो दुकानं हलवली गेली, आणि मधून महामार्गाला जोडणारा खोल, रुंद रस्ता गेला. पत्र्याची घरं थोपवणारी वस्ती आणि ही वस्ती यांच्यात फार अंतर नव्हतं. पहिलीत घरमालक होते, एकाच समाजाचे, आणि समोर एकटा बांधकामवाला होता. दुसरीत भाडेकरू होते, पाच ठिकाणचे, आणि समोर महापौर, केंद्र सरकार, बँका आणि ‘प्रगती’ असे सगळे एकाच बाजूला. न वापरलेली ताकद दोघांजवळ होती असं म्हणता येईल, पण ती वापरायला लागणारा खर्च सारखा नव्हता. डाल यांच्या पुस्तकात ओक स्ट्रीटच्या लोकांच्या विरोधाची नोंद जवळपास नाही, कारण नोंद घेण्याजोगा विरोध झाला नाही. ऑगस्ट 1967 मध्ये, देशभर ‘आदर्श शहर’ म्हणून गाजत असलेल्या न्यू हेवनमध्ये दंगल झाली. त्या रात्री रस्त्यावर उतरलेल्यांतला कोणीही तिन्ही क्षेत्रांतल्या कुठल्याच निर्णयाच्या नोंदीत सापडायचा नाही.

डाल पुढे हलले, हे सांगायला हवं. 1976 मध्ये त्यांनी आणि त्यांचे सहलेखक चार्ल्स लिंडब्लॉम यांनी दोघांनी मिळून लिहिलेल्या एका जुन्या पुस्तकाच्या नव्या प्रस्तावनेत मान्य केलं की उद्योगधंदे हा इतर गटांसारखा एक गट नव्हे. मजूर संघटना, शिक्षक, रहिवासी यांना सरकारपुढे जाऊन मागावं लागतं. उद्योगाला मागावं लागत नाही, कारण त्यानं गुंतवणूक थांबवली तर रोजगार आणि कर दोन्ही आटतात आणि त्याचा जाब निवडणुकीत सरकारलाच द्यावा लागतो. मंत्री उद्योजकाचा मिंधा नसला तरी त्याचं मन राखतो. गॅरीतलं मौन हेच होतं, फक्त देशाच्या मापाचं.

अलीकडे आकडेवाल्यांनीही हात घातला. मार्टिन गिलन्स आणि बेंजामिन पेज यांनी 2014 मध्ये अमेरिकेतले 1,779 धोरणप्रश्न घेऊन तपासलं की मधल्या उत्पन्नाचा माणूस, श्रीमंत माणूस आणि संघटित गट यांना काय हवं होतं आणि शेवटी झालं काय. श्रीमंतांच्या आणि संघटित गटांच्या इच्छेचा परिणाम हिशेबातून वेगळा काढला तर सामान्य माणसाच्या इच्छेचा स्वतंत्र परिणाम जवळजवळ शून्यावर येत होता. बातम्यांत याचं ‘लोकशाही संपली’ झालं. पण यातले ‘श्रीमंत’ म्हणजे वरच्या दहा टक्क्यांच्या उंबरठ्यावरची माणसं, कोणी अब्जाधीश नव्हेत. आणि बहुतेक प्रश्नांत त्यांचं आणि मधल्या माणसाचं मत सारखंच होतं, त्यामुळे सामान्य माणूस पुष्कळदा जिंकतही होता. त्याच्यामुळे जिंकत होता की योगायोगानं, एवढाच वाद. आणि मुळात हे 1,779 प्रश्न कुठले? जे जनमत चाचणीत विचारले गेले ते. म्हणजे ज्यांना कागदावर जागा मिळाली ते. गॅरीचा 1950 सालचा धूर या यादीत बसला नसता.

न्यू हेवनमध्ये आता ओक स्ट्रीटवरून नेलेला तो खोल रस्ता तुकड्या-तुकड्यानं बुजवतायत. त्यासाठी पैसा पुन्हा केंद्राचा, पुढाकार पुन्हा नगरपालिकेचा, सुनावण्याही झाल्या. मोकळ्या झालेल्या जमिनीवर पहिली मोठी इमारत उभी राहिली ती एका औषधनिर्मिती कंपनीसाठी, येलच्या वैद्यकीय विद्यालयाच्या अगदी शेजारी. निर्णय कोणाचा म्हणून डाल यांची वही उघडली तर उत्तर याही वेळी महापौर असंच येईल, आणि डॉमहॉफ फक्त त्या इमारतीवरची पाटी वाचून दाखवतील. मला विचाराल तर मी आधी एवढंच शोधीन की ती जागा रिकामी झाल्यावर तिथे काय काय होऊ शकतं याची पहिली यादी कोणी केली, आणि त्या यादीत भाड्याची घरं होती का.